उत्तराची स्लाइड

बहारीनमध्ये थंडी पडते, हे सांगलीत माझ्या माहेरी कुणाला खरं वाटत नसे. पण जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की समुद्रावरून येणारा गारठा हाडांत शिरायचा. तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशा थंडगार, भिंती पातळ, आणि खिडकीतल्या एसीच्या कडेने वारा शिट्टी घालत आत येई. त्या वर्षी तर सगळेच कुरकुरत होते.

मी तिथल्या एका भारतीय शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते. परीक्षा तोंडावर आली होती आणि उजळणीला मुलं कंटाळली होती. त्याच सुमारास शाळेने एक नवं यंत्र आणलं. काचेच्या पाटीसारखा एक चपटा पडदा. तो ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचा, वायरने कंप्युटरला जोडायचा, की कंप्युटरवरचं चित्र भिंतीवर मोठं दिसायचं. उजेड इतका मंद, की खिडक्यांचे पडदे ओढून घेतल्याशिवाय काही वाचता येत नसे. कंप्युटर शिकवणारे सर कोल्हापूरचे. ते म्हणाले, "मॅडम, उजळणीचा खेळ करू या. प्रश्न तुम्ही द्या, स्लाइड मी जुळवतो."

त्या खेळाची रचना अशी होती. पहिल्या स्लाइडवर एक तक्ता. वर धड्यांची नावं, खाली प्रत्येक धड्याचे सोप्यापासून अवघडापर्यंत गुण. ज्या गटाची पाळी, त्याने आकडा निवडायचा. आकड्यावर टिचकी मारली की प्रश्नाची स्लाइड उघडायची, तिथल्या बटणावर मारली की उत्तराची, आणि उत्तराच्या कोपऱ्यातल्या बटणाने पुन्हा तक्त्यावर परत. निवडून झालेल्या आकड्याचा रंग बदलायचा, म्हणजे कुठला प्रश्न झाला ते सगळ्यांना दिसे. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा बटण सोडून भलतीकडे टिचकी पडली आणि कुणी विचारायच्या आतच पुढची स्लाइड येऊन उत्तर भिंतीवर झळकलं. मग सरांनी प्रत्येक स्लाइडच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. बटण दाबल्याशिवाय काही हलायचं नाही.

उत्तराच्या स्लाइडवर मी आधी फक्त उत्तर लिहिलं होतं. एक शब्द, फार तर दोन. सर ते बघून म्हणाले, "एवढ्यावर मुलं फक्त ओरडतील. का, ते पण लिहा की खाली. आणि प्रश्न परत वर टाका, नाहीतर उत्तर कशाचं ते विसरतात." मला ते पटलं. म्हणून प्रत्येक उत्तराखाली मोठ्या अक्षरांत दोन-तीन ओळी घातल्या. पर्याय देताना मुलं वहीत ज्या चुका नेहमी करतात त्याच चुका चुकीचे पर्याय म्हणून वापरल्या. ज्वलनाच्या धड्यातला सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न होता कार्बन मोनॉक्साइडचा, कारण निम्मा वर्ग तिथे डोळे झाकून कार्बन डायऑक्साइड लिहायचा. त्या उत्तराखाली काय लिहावं ते सुचेना. पुस्तकात हिमोग्लोबिनवर एक आणि धुरावर एक वाक्य होतं, तेवढंच घेतलं. मग वाटलं, मुलांना हे कोरडं वाटेल. म्हणून अजून एक ओळ लिहिली: डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं. रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबातली, हमद टाउनमध्ये राहणारी. वडील अस्करजवळ ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. मुलगी चुणचुणीत. मी मराठीत काही विचारलं तर तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. पण त्या महिन्यात ती पार बदलली होती. सकाळच्या तासाला बाकावर डोकं टेकून बसायची. एकदा प्रार्थनेच्या वेळी तिला उलटी झाली. दुपारच्या सुट्टीनंतर पाहावं तर पुन्हा हसतखेळत. घरी नुकताच भाऊ जन्मला होता, आई बाळंतीण होती, आजी गावाहून आली होती. आम्ही शिक्षिका म्हणालो, बाळ रात्री रडत असेल, पोरीला झोप मिळत नसेल. नर्सने दोनदा गोळी दिली. चष्मा लागला असेल, असंही कुणीतरी म्हणालं. मला मात्र तिच्याकडे बघून बरं वाटत नसे. चेहरा सुजल्यासारखा, डोळे कुठेतरी लागलेले. विचारलं तर म्हणायची, "आय ॲम फाइन, टीचर."

खेळाच्या दिवशी सकाळपासून वारा पिसाटला होता. मैदानावरची वाळू काचांवर आपटत होती. प्रयोगशाळेचे पडदे ओढले तेव्हा खोली एवढी अंधारली की मुलं उगाच दबक्या आवाजात बोलू लागली. भिंतीवर तो निळसर तक्ता उमटला. मी प्रश्न वाचत होते, सर कंप्युटरपाशी बसले होते. दोन गट केले होते. ती मुलगी खिडकीकडच्या गटात, पहिल्याच बाकावर, हातावर गाल टेकून.

खेळ रंगला. मुलं आकडे ओरडून सांगत होती, प्रश्नाची स्लाइड आली की एकदम गप्प होत होती, आणि उत्तर उघडलं की एक गट उड्या मारायचा, दुसरा "नो, नो!" करायचा. मग खिडकीकडच्या गटाने ज्वलनातला सगळ्यात मोठा आकडा मागितला.

मी वाचलं, "कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला की कुठला वायू तयार होतो? रंग नाही, वास नाही, आणि माणसाचा जीव घेऊ शकतो."

तीन पर्याय होते. तिच्या गटाने एका सुरात कार्बन डायऑक्साइड सांगितलं. सरांनी बटण दाबलं. उत्तर आलं. समोरच्या गटाने बाकं वाजवली. मी खालच्या ओळी वाचून दाखवल्या. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नये. शेवटची ओळ वाचली आणि मी सरांना खूण केली. ते तक्त्यावर परत गेले.

"टीचर," ती म्हणाली, "गो बॅक."

मला वाटलं गुणांवरून तक्रार असेल. "तुमचं उत्तर चुकलं गं," मी म्हणाले.

"नो. प्लीज. दॅट स्लाइड."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आकड्यावर पुन्हा टिचकी मारली. प्रश्न, मग उत्तर. मुलगी उठून भिंतीजवळ गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या पाठीवर पडला, अक्षरं तिच्या गणवेशावर उमटली. शेवटची ओळ ती बोट लावून वाचू लागली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ती वळली आणि मला म्हणाली, पहिल्यांदाच मराठीत, "टीचर, हे आमच्या घरी सगळ्यांना होतं."

मी तिच्याजवळ गेले.

"काय होतं?"

"डोकं दुखतं. मला, अम्मीला, नानीला. सकाळी फार. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा दिवसभर. शाळेत आले की जातं." मग म्हणाली, "नानी अम्मीच्या खाटेखाली कोळसा ठेवते."

मी काय ते लगेच समजले. बाळंतिणीला शेक द्यायचा, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, ही आमच्याकडेही रीत. माझ्या आईनेही मला तसाच शेक दिला होता.

"खिडकी उघडी असते का गं?"

"काल अब्बांनी टेप लावली. एसीच्या बाजूने वारा येतो ना, तिथे. खिडकीला पण. बाळाला थंडी लागते म्हणून."

काल. म्हणजे आजवर जी थोडीफार हवा आत येत होती, तीही कालपासून बंद झाली होती. सरांनी उठून पडदे बाजूला केले. भिंतीवरची अक्षरं फिकी पडली, पण वाचता येत होती.

शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेला मुलांजवळ बसवून आम्ही ऑफिसात गेलो. मुलीने नंबर सांगितला. मी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"फोन कुठल्या खोलीत आहे?" सरांनी विचारलं.

"अम्मीच्या," मुलगी म्हणाली. "खाटेजवळच. अम्मी हात लांब करून घेते."

"हिला घेऊन घरीच जाऊ या," सर म्हणाले. प्रिन्सिपल कागदावरून नजर वर करून ऐकत होते. म्हणाले, "झोपल्या असतील. मुलीला अशा वेळी शाळेबाहेर न्यायचं तर पालकांची परवानगी लागते." सरांनी कारखान्यात फोन लावला. वडील पहिल्या शिफ्टला होते, आत कुठेतरी कामावर. निरोप देतो, असं तिथला माणूस म्हणाला. मी तिसऱ्यांदा घरी फोन लावला आणि रिसीव्हर तसाच प्रिन्सिपलपुढे धरला. पलीकडे वाजणारी घंटी त्यांनी ऐकली. थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "जा तुम्ही. मी ॲम्ब्युलन्सला कळवतो. पत्ता सांग बेटा." पत्ता मात्र तिला सांगता येईना. हमद टाउनमधली बहुतेक घरं राऊंडअबाउटच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गोल चौकांच्या, खुणेने सांगतात, आणि तिचं घर होतं एका व्हिलाच्या मागच्या अंगणात, बाहेरून न दिसणारं. ॲम्ब्युलन्स राऊंडअबाउटपाशी येऊन थांबेल, एवढंच ठरलं.

सरांच्या गाडीत मुलगी पुढे बसली, वाट दाखवायला. हायवेवर वाळूचे लोट आडवे जात होते. समोरच्या गाड्यांचे दिवे दिवसाढवळ्या लागलेले. मध्येच ती म्हणाली, "सकाळी बाळ दूध पीत नव्हतं. नानी म्हणाली, पोट भरलंय." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा ताठ होता.

हमद टाउनचे राऊंडअबाउट एकामागून एक येत होते, सगळे सारखे. एका ठिकाणी ती गोंधळली, आम्ही चुकीचं वळण घेतलं आणि परत फिरलो. सरांच्या तोंडून काहीतरी निसटलं, मग लगेच म्हणाले, "असू दे, असू दे, पोहोचतोय."

व्हिलाच्या मागचं फाटक उघडंच होतं. अंगणात उन्हाच्या पट्ट्यात आजी बसली होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, भिंतीला टेकून. गुडघ्यावर बाळाची दुपटी घडी करायला घेतली होती. आम्हाला बघून ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली.

"नानी, अम्मी कुठाय?"

"निजलीय. ओरडू नको. बाळ पण निजलंय." मग माझ्याकडे बघून, "शाळेतल्या बाई काय? पोरीने काय केलं?"

"आतली शेगडी पेटलेली आहे का?" मी विचारलं.

"आहे तर. सकाळीच नवा कोळसा घातला. धूर नाही हो, मी अंगणातच पेटवते, चांगला लाल झाला की मग आत नेते." तिने कपाळ दाबलं. "मलाच इथलं पाणी मानवत नाही. डोकं नुसतं ठणकतंय, म्हणून बाहेर येऊन बसले."

फोन वाजलेला तिने ऐकला होता. पण तो लेकीच्या खाटेजवळ, लेक घेईल म्हणून ती उठली नव्हती.

सरांनी मुलीला अंगणातच थांबायला सांगितलं. आतल्या खोलीचं दार ढकललं तेव्हा दाराखाली दुमडून घातलेली चादर अडली. जोर लावून ते उघडलं. आतून ऊब आली, छान, मऊ, आंघोळीच्या खोलीसारखी. तेलाचा आणि ओव्याचा वास. दुसरा कसलाच वास नाही. धुराची रेघसुद्धा नाही. खाटेखाली निखारे शांतपणे लाल झाले होते. त्या खोलीइतकी निरुपद्रवी खोली मी पाहिली नव्हती, आणि तेव्हाइतकी भीतीही मला कधी वाटली नाही.

"श्वास रोखून आत या, पटकन," सर म्हणाले. त्यांनी हाका मारल्या, खाटेवरच्या आईला हलवलं. तिचे गाल लालसर होते, ओठ उघडे. तिने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. मी बाळ उचललं. लहान बाळ उचललं की ते अंग आखडतं, हातपाय हलवतं. हे माझ्या हातावर ओल्या फडक्यासारखं लोंबलं. मी तशीच बाहेर धावले. मागून सर आईला काखेत धरून ओढत आणत होते. आजी किंचाळली, "थंडी लागेल तिला! ओली बाळंतीण आहे!" आणि सरांच्या अंगावर धावून गेली. मग बाळाकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिने सरांना सोडलं.

वाऱ्यात मी बाळाचं दुपटं सैल केलं, त्याच्या तळपायावर टिचक्या मारल्या. छाती हलत होती, पण इतकी हळू की हात ठेवल्याशिवाय कळत नव्हतं. मुलगी जवळ येऊन उभी राहिली. ॲम्ब्युलन्सच्या आवाजाकडे ती पळाली आणि राऊंडअबाउटवरून त्यांना आत घेऊन आली.

आलेल्या माणसांना मी एवढंच सांगितलं, "बंद खोली, कोळसा." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दोघांच्या तोंडावर प्राणवायूचे मास्क चढवले. आजीलाही आत घेतलं.

हॉस्पिटलात वडील कारखान्याच्या कपड्यांतच आले, बुटांवर राखाडी धूळ. मुलगी त्यांना बिलगली नाही, खुर्चीवर बसून राहिली. ते मला म्हणाले, "टेप मीच लावली, बाई. मी बाहेरच्या खोलीत निजतो. माझं डोकं कधी दुखलं नाही. ही सगळी म्हणायची, आणि मी म्हणायचो, तुम्ही बायका घरात बसून बसून..." सर त्यांना हाताला धरून चहाला घेऊन गेले.

संध्याकाळपर्यंत आई शुद्धीवर आली. पहिल्यांदा बाळाचं विचारलं. बाळ वेगळ्या विभागात होतं, काचेच्या पेटीत. ते नंतर रडलं, दूधही प्यायलं. पण डॉक्टरबाई जपून बोलत होत्या. वाचलंय म्हणाल्या. मेंदूला प्राणवायू किती कमी पडला ते आत्ता सांगता येणार नाही, मोठं होईल तसं कळेल, नजर ठेवा.

आजी बरी झाल्यावरही कुणाशी बोलेना. मी डबा घेऊन गेले तेव्हा तिने माझा हात धरून खाली बसवलं. "बाई, मी पाच पोरींची बाळंतपणं केली. आमच्या वाडीत प्रत्येक घरात शेगडी. कुणाला काही झालं नाही. इथेच का झालं?"

मी सांगितलं, गावचं घर कौलारू, कौलांतून हवा खेळते, दार दिवसभर उघडं असतं. इथली खोली डबीसारखी बंद. कोळसा तोच, फक्त हवा नाही.

"म्हणजे मी काही वाईट केलं नाही," ती म्हणाली. ते मला विचारत होती की स्वतःला सांगत होती, कळलं नाही. मी म्हणाले, "नाही केलं." व्हिसा संपायच्या आधीच ती गावी निघून गेली.

प्रिन्सिपलांनी तो खेळ सगळ्या तुकड्यांना दाखवायला लावला, मग पालकसभेतही. मी त्यातला तो प्रश्न पालकांसाठी मराठीत आणि हिंदीत करून घेतला, खोलीचं चित्र घातलं. सभेनंतर दोन बायका हळूच येऊन म्हणाल्या, आमच्याकडेही ठेवतात. कुणाकुणाकडे शेगड्या असतील, याचा विचार त्या थंडीत माझा पिच्छा सोडत नसे. हमद टाउनवरून जाताना बंद खिडक्या दिसल्या की नजर तिथेच अडायची. त्या मुलीने मात्र पुन्हा कधी त्या अंधारलेल्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं नाही. तिच्या वर्गाचा खेळ असला की ती लायब्ररीत जाऊन बसायची, आणि मी तिला कधी आग्रह केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात राजधानी मनामातल्या एका कपड्यांच्या दुकानात तिची आई भेटली. बाळ ढकलगाडीत होतं, गुटगुटीत, पायांत लाल मोजे. आम्ही बोलत होतो, शाळेचं, गावचं. बोलता बोलता तिने बाळाच्या कानाजवळ चुटकी वाजवली. बाळाने मान वळवली. ती हसली. थोड्या वेळाने दुसऱ्या कानाजवळ वाजवली. त्याने तिकडेही वळून पाहिलं. दुकानदार कापड उलगडत होता, ती मान डोलवत होती, भाव विचारत होती, आणि तिचा हात पुन्हा गाडीकडे गेला. चुटकी वाजली. बाळाने लगेच मान वळवली. तिने पुन्हा वाजवली.